नॉमिनी आला म्हणजे मालक आला का?

मागच्या वेळी आपण बँकेतल्या ठेवींबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला. "घरातला माणूस गेला, त्याच्या नावावर शेअर आहेत, म्युच्युअल फंड आहेत. ते आता कुणाचे?" या प्रश्नाला बहुतेक घरांत एक उत्तर ठरलेलं असतं, ते म्हणजे "नॉमिनी ज्याचं नाव असेल, त्याचे." हे उत्तर अर्धं बरोबर आहे. पण उरलेल्या अर्ध्यामुळे घरात भांडणं लागतात, आणि त्यात नुकसान बहुतेक वेळा घरातल्या बाईचंच होतं. म्हणून आज या एकाच गोष्टीवर बोलू या.

सुरुवातीला एक शब्द समजून घेऊ. माणूस जिवंत असताना तो आपले शेअर दुसऱ्याच्या नावावर करतो, त्याला ट्रान्सफर म्हणतात. माणूस गेल्यावर त्याच्या नावावरचे शेअर किंवा फंडाची युनिट्स दुसऱ्याच्या नावावर होतात, त्याला ट्रान्समिशन म्हणतात. कार्यालयात गेल्यावर "ट्रान्समिशनचा फॉर्म द्या" असंच म्हणायचं. "नाव बदलायचंय" म्हटलं की भलताच फॉर्म हातात पडतो आणि एक फेरी वाया जाते.

आता नॉमिनीचं पाहू. समजा तुम्ही परगावी निघालात आणि घराची किल्ली शेजारणीकडे ठेवलीत. तुमची मुलं आली की तिनं दार उघडून द्यायचं. किल्ली तिच्या हातात आहे म्हणून घर तिचं होत नाही. नॉमिनीचं काम असंच आहे. माणूस गेल्यावर कंपनीनं किंवा फंडानं कुणाच्या हातात द्यायचं, एवढंच नॉमिनेशन ठरवतं. शेवटी मालक कोण, हे मृत्युपत्र ठरवतं. मृत्युपत्र नसेल तर वारसा कायदा ठरवतो.

हे मी माझ्या मनानं सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ते सांगितलं आहे, आणि ज्या प्रकरणात सांगितलं ते आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. 'कालनिर्णय' दिनदर्शिका कुणाच्या घरात नाही? ती सुरू करणारे ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकर ऑगस्ट २०१३ मध्ये वारले. त्यांनी २०११ साली मृत्युपत्र केलं होतं. त्यांच्या मागे म्युच्युअल फंडात चार कोटींहून जास्त रक्कम होती आणि काही कंपन्यांचे शेअरही होते. या गुंतवणुकीवर कुटुंबातल्याच काही जणांची नावं नॉमिनी म्हणून लागलेली होती. मग प्रश्न उभा राहिला, की ही गुंतवणूक नॉमिनींच्या मालकीची झाली, की ती सगळ्या वारसांची राहिली?

हा प्रश्न तोवर खरोखरच अवघड झाला होता. कारण कंपनी कायद्यात नॉमिनीबद्दल जे कलम होतं, त्यात इंग्रजीत असा शब्द होता, की शेअर नॉमिनीकडे "निहित होतात". २०१० साली मुंबई उच्च न्यायालयात एका विधवेचं प्रकरण आलं. नवऱ्याच्या डिमॅट खात्यावर त्याच्या पुतण्याचं नाव नॉमिनी होतं. तेव्हा एका न्यायमूर्तींनी या शब्दाचा अर्थ लावला, की शेअर पुतण्याचेच झाले आणि पत्नीचा त्यावर हक्क राहिला नाही. विचार करा, संसार केला पत्नीनं आणि शेअर गेले पुतण्याकडे! साळगावकर प्रकरणात २०१५ साली त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी हा अर्थ चुकीचा ठरवला. १ डिसेंबर २०१६ रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं तेच कायम केलं. मग प्रकरण दिल्लीला गेलं, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शेवटचा शब्द दिला. कंपनी कायद्यातलं नॉमिनेशन हा वारसा मिळण्याचा वेगळा, तिसरा मार्ग नाही. वारसा दोनच मार्गांनी येतो, मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं. नॉमिनेशन कशासाठी, तर माणूस गेल्यावर कंपनीला कुणाशी तरी व्यवहार करता यावा आणि वारसांचं ठरेपर्यंत शेअर लटकत राहू नयेत, यासाठी.

म्हणजे आता नियम स्पष्ट आहे. तरीही घरोघरी गोंधळ होतोच, कारण निकाल कोर्टात लागतो आणि फॉर्म खिडकीवर भरावा लागतो. खिडकीवर नेमकं काय होतं, ते एका उदाहरणावरून पाहू. हातात कागद-पेन्सिल असेल तर आकडे लिहून घ्या.

समजा, सिडकोत राहणारं एक कुटुंब आहे. नवरा वाळूजला कंपनीत नोकरीला होता आणि अचानक गेला. मागे बायको आहे, तिला आपण वहिनी म्हणू. बावीस वर्षांची मुलगी आहे, एकोणीस वर्षांचा मुलगा आहे आणि सासूबाई आहेत. मृत्युपत्र केलेलं नाही. गुंतवणूक तीन ठिकाणी सापडली, आणि तिन्ही फक्त त्याच्या एकट्याच्या नावावर आहेत. पहिल्या म्युच्युअल फंडात ६ लाख रुपये आहेत आणि तिथं नॉमिनी म्हणून त्याच्या धाकट्या भावाचं नाव आहे, कारण ते खातं लग्नाआधीचं होतं आणि नंतर कुणी बदललं नाही. दुसऱ्या म्युच्युअल फंडात ४ लाख २० हजार आहेत, तिथं नॉमिनी नाही. आणि डिमॅट खात्यात ९ लाखांचे शेअर आहेत, तिथंही नॉमिनी नाही. एकूण झाले १९ लाख २० हजार.

आधी मालक कोण ते ठरवू. हे कुटुंब हिंदू आहे असं धरू. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पुरुषाच्या मागे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. आई! हे नाव लोक हमखास विसरतात. सासूबाई वारस आहेत, दीर नाही. चौघांचे समान हिस्से, म्हणजे प्रत्येकी ४ लाख ८० हजार. मुलीचं लग्न झालं असतं तरी तिचा हिस्सा तेवढाच. मुस्लिम कुटुंबात हिस्से शरियतनुसार वेगळे निघतात. मुलं असतील तर पत्नीचा आठवा हिस्सा, आईचा सहावा, आणि मुलाला मुलीच्या दुप्पट. पण नॉमिनीनं मालक व्हायचं नाही, हे तिथंही तसंच.

आता पहिला फंड घेऊ, जिथं दीर नॉमिनी आहे. इथं खिडकीवरचं काम सगळ्यात सोपं असतं. सेबीनं २०२५ साली जे नियम केले, त्यानुसार नॉमिनीकडून मृत्यूच्या दाखल्याची स्वतः सही केलेली प्रत आणि त्याचं केवायसी एवढंच मागायचं आहे. युनिट्स कर्जासाठी तारण ठेवली असतील, तर सावकाराचा बोजा उतरल्याचा कागद लागतो. प्रतिज्ञापत्र नको, हमीपत्र नको, नोटरी नको, कोर्ट तर नकोच. म्हणजे ती ६ लाखांची युनिट्स दिरांच्या नावावर होतील, आणि फंडाचा कर्मचारी वहिनींना विचारणारही नाही. त्यात त्या कर्मचाऱ्याची चूक नाही. नियमच तसा आहे.

पण दीर आता त्या युनिट्सचे विश्वस्त आहेत. सेबीच्या त्याच नियमांत हे लिहिलेलं आहे, की नॉमिनी वारसांच्या वतीनं विश्वस्त म्हणून घेतो. त्यांनी ती चौघांच्या हिस्श्याप्रमाणे पुढे द्यायला हवीत. दीर समंजस असतील तर ते फंडाकडे अर्ज करून युनिट्स वारसांच्या नावावर करून देतात. इथं पूर्वी एक अडचण यायची. नॉमिनीनं वारसाला युनिट्स दिली की आयकर खात्याकडे ती विक्रीसारखी दिसायची आणि नॉमिनीला कराची नोटीस यायची. बिचारा नॉमिनी मदत करायला जायचा आणि स्वतःच अडकायचा. म्हणून सेबीनं सप्टेंबर २०२५ मध्ये परिपत्रक काढलं, की नॉमिनीकडून वारसाकडे जाणाऱ्या अशा व्यवहाराची नोंद TLH या वेगळ्या खुणेनं करायची. १ जानेवारी २०२६ पासून ते लागू झालं. तेव्हा दिरांना "मला टॅक्स बसेल" अशी भीती वाटत असेल, तर ही माहिती त्यांना सांगा. फॉर्म भरताना कारणाच्या रकान्यात नॉमिनीकडून वारसाकडे ट्रान्समिशन असंच लिहिलं आहे ना, तेही पाहून घ्या. कारण तिथं "भेट" किंवा "विक्री" लिहिलं, तर सगळं बिनसतं.

आणि दीर देत नसतील तर? मग फंडाशी भांडून उपयोग नाही. फंडानं नॉमिनीला देऊन आपली जबाबदारी पार पाडली, आणि वारस-नॉमिनी वादाचा निवाडा करणं हे फंडाचं काम नाही. वहिनींचा दावा दिरांवर, आणि तो दिवाणी न्यायालयात. पण इथं उशीर महागात पडतो. युनिट्स विकून पैसे खर्च झाले की हक्क कागदावर राहतो आणि वसुली अवघड होते. म्हणून संशय आला तर वकिलांची नोटीस लवकर पाठवावी, आणि दाव्याबरोबरच युनिट्स विकू नयेत असा मनाई हुकूम मागावा.

आता दुसरा फंड, ४ लाख २० हजारांचा, नॉमिनी नसलेला. इथं फंडाला कळत नाही की द्यायचं कुणाला. म्हणून तो वारसांकडून कागद मागतो. म्युच्युअल फंडात एका फंड कंपनीतली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर कोर्टाचा कागद न मागता काम होतं. त्यासाठी ट्रान्समिशनचा अर्ज, मृत्यूचा दाखला, मृताशी नातं दाखवणारा पुरावा आणि अर्जदाराचं केवायसी लागतं. वारसांचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे आम्हीच वारस आहोत असं शपथेवर लिहून देणं, तेही लागतं. त्याशिवाय हमीपत्र, म्हणजे उद्या दुसराच वारस निघाला तर आम्ही भरपाई करू असं लिहून देणं. आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. वहिनींनी आपल्या नावावर मागितलं, तर मुलगी, मुलगा आणि सासूबाई अशा तिघांच्या सह्या ना-हरकतीवर लागतील.

तिसरं डिमॅट खातं. सेबीनं २०२२ साली डिमॅटसाठी ही मर्यादा एका खातेदाराच्या खात्यामागे ५ लाखांवरून १५ लाखांवर नेली. वहिनींच्या उदाहरणात ९ लाख आहेत, म्हणजे इथंही प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि ना-हरकत यांवर काम होईल. अर्ज मात्र कंपन्यांकडे नाही, ज्या बँकेत किंवा ब्रोकरकडे डिमॅट खातं आहे तिथं करायचा. एकाच अर्जात खात्यातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर निघतात. जुने कागदी शेअर सापडले तर प्रत्येक कंपनीकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तिथं मर्यादा एका कंपनीमागे ५ लाखांची आहे. या मर्यादा सेबी वाढवत आली आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशी चालू आकडा खिडकीवर विचारून घ्या.

आता थोडं थांबू या, कारण आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथं आहे. ना-हरकत म्हणजे "आईच्या नावावर करा, आमची काही तक्रार नाही", एवढंच असतं असं आपल्याला वाटतं. पण ना-हरकतीच्या अनेक छापील मसुद्यांत पुढं एक वाक्य असतं, की या गुंतवणुकीवरचा माझा हक्क मी सोडून देत आहे. ते वाक्य असलेल्या कागदावर सही केली, की नुसतं नाव बदलत नाही, हिस्साही सुटतो. आईसाठी हिस्सा सोडायचा असेल तर खुशाल सोडा, तो तुमचा निर्णय. पण अशा सह्या बहुतेक वेळा दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत होतात, आणि माहेरी आलेल्या मुलीपुढे भाऊ कागदांचा गठ्ठा ठेवतो. "ताई, इथं सही कर, फक्त फॉर्मॅलिटी आहे." मैत्रिणींनो, वाचल्याशिवाय सही करू नका. हिस्सा ठेवायचा असेल तर तसं आधीच सांगा. मग दोन मार्ग असतात. एक तर चौघांनी आपापल्या हिस्श्यापुरते अर्जदार व्हायचं. नाहीतर एकाच्या नावावर करून, विकल्यावर कुणाला किती द्यायचे हे वेगळ्या करारावर लिहून सगळ्यांनी सह्या करायच्या. हाच सल्ला वहिनींनाही. सासूबाईंकडून अंगठा घेण्याआधी कागद त्यांना वाचून दाखवा. त्यांचे ४ लाख ८० हजार म्हणजे त्यांचं म्हातारपण आहे.

आणि मुलगा एकोणीसचा नसून पंधराचा असता तर? मग तो ना-हरकतीवर सही करू शकला नसता. आईनंही त्याच्या वतीनं त्याचा हिस्सा आपल्या नावावर सोडून देऊ नये, कारण पालक म्हणून तिला त्याच्या हिताचंच करता येतं. त्याचा हिस्सा त्याच्या नावावर, पालक म्हणून आई, अशीच नोंद करून घ्यायची.

आता समजा डिमॅटमधले शेअर ९ लाखांऐवजी १८ लाखांचे असते. मग मर्यादा ओलांडली, आणि अशा वेळी मुख्य कागद म्हणजे उत्तराधिकार प्रमाणपत्र, ज्याला कोर्टात सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली ते मिळतं. माणूस मरताना जिथं राहत होता, तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा, म्हणजे आपल्या शहरातल्या माणसासाठी अदालत रोडवरचं जिल्हा न्यायालय. अर्जात सगळ्या वारसांची नावं आणि पत्ते द्यायचे. मग वारसांना नोटिसा जातात, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते, हरकतीसाठी मुदत दिली जाते, साक्षीपुरावा होतो आणि कोर्ट फी भरल्यावर प्रमाणपत्र मिळतं. कुणी हरकत घेतली नाही तरी यात महिने जातात.

या अर्जात लोकांची एक चूक वारंवार होते. प्रमाणपत्र "सगळ्या मालमत्तेला" मिळत नाही. अर्जासोबत जी यादी जोडली, तेवढ्यालाच मिळतं. त्या यादीत कंपनीचं नाव, शेअरची संख्या, डिमॅट खात्याचा क्रमांक, फंडाचा फोलिओ क्रमांक हे तंतोतंत हवं. एखादा फोलिओ राहिला तर प्रमाणपत्राची व्याप्ती वाढवून घेण्यासाठी पुन्हा कोर्टात जावं लागतं. म्हणून अर्ज करण्याआधी शोध पूर्ण करा. तो कसा करायचा? डिपॉझिटरीकडून येणारं एकत्रित विवरणपत्र असतं, ज्यात एका पॅनवरचे डिमॅट शेअर आणि फंडांचे फोलिओ एकत्र दिसतात. ते बहुधा ईमेलवर येतं. ते सापडलं नाही तर बँकेच्या पासबुकात लाभांश जमा झाल्याच्या आणि एसआयपी कापल्याच्या नोंदी पाहा. विसरलेले जुने फोलिओ शोधण्यासाठी सेबीनं २०२५ साली 'मित्र' नावाची सोयही सुरू केली आहे, ती कॅम्स आणि केफिनटेकच्या संकेतस्थळांवर मिळते.

आपल्या मराठवाड्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, "आमच्याकडे तलाठ्याकडची वारस नोंद झालीय की!" ती शेतजमिनीच्या सातबाऱ्यासाठी आहे. नातं दाखवायला ती कदाचित उपयोगी पडेल, पण मोठ्या रकमेसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्राची जागा ती घेत नाही.

कराबद्दल थोडक्यात. वारसाला शेअर किंवा युनिट्स मिळाली, यावर कर नाही. कर विकल्यावर लागतो. समजा दुसऱ्या फंडातली ४ लाख २० हजारांची युनिट्स समभागांच्या फंडातली आहेत, आणि नवऱ्यानं ती २०१९ साली २ लाखांना घेतली होती. वहिनींनी आज विकली तर खरेदीची किंमत त्यांच्यासाठीही २ लाखच धरली जाते आणि तारीखही २०१९ चीच. म्हणजे नावावर येऊन महिनाच झाला असला, तरी तो दीर्घ मुदतीचा नफा ठरतो. नफा २ लाख २० हजार. त्यातले वर्षाला १ लाख २५ हजार माफ असतात, उरलेल्या ९५ हजारांवर साडेबारा टक्के, म्हणजे ११,८७५ रुपये आणि वर उपकर. हे विकणं दोन आर्थिक वर्षांत विभागलं, तर हा करही वाचू शकतो. त्यासाठी नवऱ्याच्या खरेदीचे जुने कागद मात्र जपून ठेवावे लागतात. रद्दीत घालू नका.

एक गोष्ट अगदी करू नका. नवऱ्याचा मोबाईल आपल्याकडे असतो, पासवर्ड मुलाला माहीत असतो. ओटीपी येतोय, मग विकून टाकू, असा मोह होतो. माणूस गेल्यानंतर त्याच्या नावानं व्यवहार करणं बेकायदा आहे. दुसऱ्या वारसानं तक्रार केली, तर तारखा पाहूनच ते उघड होतं. मृत्यूचा दाखला मिळाला की आधी फंडाला आणि ब्रोकरला कळवा आणि एसआयपी थांबवा.

दाखल्याचंही एक सांगते. महानगरपालिकेकडून दाखला घेताना त्यावरचं नाव पॅन कार्डावरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळतं का, ते तिथंच पाहा. पॅनवर "रामराव", दाखल्यावर "रामभाऊ", फोलिओवर नुसतं "आर.", असं असलं की अर्ज परत येतो. मग तीनही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं. आणि अर्जाची पोच, तारखेचा शिक्का मारलेली, मागून घ्या. अर्ज फार काळ पडून राहिला, तर सेबीच्या 'स्कोर्स' या तक्रार संकेतस्थळावर ती पोचच कामी येते.

कागदांच्या कंटाळ्यानं विषय तसाच सोडून देऊ नका. लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही, तर कंपनी ते शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वळवते. तिथून ते परत मिळतात, पण फॉर्म वेगळा आणि वाट लांब.

आता शेवटी, हे ऐकून आज रात्री घरी काय करायचं? नवऱ्याला किंवा वडिलांना जेवताना तीन प्रश्न विचारा. खाती एकट्याच्या नावावर आहेत की दोघांच्या? दोघांच्या असतील, तर एक गेल्यावर खातं आधी दुसऱ्या हयात खातेदाराकडे येतं आणि नॉमिनीचा प्रश्न तेव्हा येतच नाही. दुसरा प्रश्न, नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे आणि ते लग्नाआधीचं तर नाही? आता दहा जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाची टक्केवारी लिहिता येते. वहिनींच्या नवऱ्यानं लग्नानंतर हा एक फॉर्म बदलला असता, तर ते ६ लाख मागायला वहिनींना दिरांच्या दारात उभं राहावं लागलं नसतं. आणि तिसरा प्रश्न, मृत्युपत्र आहे का? मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि तिच्या साक्षीला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मृत्युपत्रात ज्याला द्यायचं लिहिलं आहे, त्याचंच नाव नॉमिनीत लावा, म्हणजे किल्ली आणि घर दोन्ही एकाच हातात राहील.

हा विषय काढताना जीभ अडखळते, हे मला ठाऊक आहे. "असं अभद्र काय बोलतेस?" असं घरात कुणी म्हणेलही. तेव्हा सांगा, मी मरणाचं बोलत नाहीये, फॉर्मवरचं नाव विचारतेय. उत्तर मिळालं की फोलिओ क्रमांक आणि डिमॅट खात्याचा क्रमांक एका वहीत लिहून ठेवा, आणि ती वही कुठं आहे हे मुलीलाही सांगून ठेवा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.